सरासरी चाळीस हजार, हातात अठरा

डिसेंबर २०२४ मधल्या एका रविवारी कपाटात मुलीचा जन्मदाखला शोधताना मला नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाची तीन बिलं सापडली. बिलांवर खरेदी अशी काहीच नव्हती. होती ती एटीएममधून काढलेली रोकड : ऑगस्टमध्ये दहा हजार, सप्टेंबरमध्ये अठरा, ऑक्टोबरमध्ये बावीस. आधी मनात नको ते आलं. मग आकडे नीट पाहिले आणि घरखर्चाची वही काढली. त्या प्रत्येक महिन्यात त्याने घरात बरोबर चाळीस हजार दिले होते. त्याचा पगार ऑगस्टमध्ये तीस, सप्टेंबरमध्ये बावीस आणि ऑक्टोबरमध्ये फक्त अठरा हजार आला होता. उरलेले पैसे कार्डावरून काढून त्याने चाळीस पूर्ण केले होते. नोव्हेंबरची तूट दोन मित्रांकडून उसने घेऊन भागवली होती.

हे तो लपवत का होता, याचं उत्तर माझ्याकडेच होतं. चाळीस हा आकडा मीच ठरवला होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी येतो, ६४ हजार, एक रुपया इकडे-तिकडे नाही. नवरा एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात फ्लॅट विकतो. आम्ही नाहूरला भाड्याने राहतो. जुन्या कारखान्यांच्या जागी इथे टॉवर उभे राहिलेत, अजून राहतायत, त्यामुळे हे काम करणारी मुलं आमच्या ओळखीत बरीच आहेत. त्याचा ठरलेला पगार हातात १८ हजार पडतो. बाकी सगळा इन्सेन्टिव्ह, म्हणजे बुकिंग झालं तर. लग्नानंतर मी हुशारीने त्याच्या वर्षभराच्या कमाईची बेरीज केली, बाराने भागलं आणि म्हटलं, सरासरी चाळीस येतात, तर आपण घर माझ्या चौसष्ट आणि तुझ्या चाळीसवर चालवू. एक लाख चार हजार. गणित चुकलं नव्हतं. पण सरासरी चाळीस येणं आणि दर महिन्याला चाळीस येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या बिलांनी शिकवलं.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात असा एक कमावणारा आहे. कोणी ॲपवर टॅक्सी चालवतं, कोणी डिलिव्हरी करतं, कोणी विमा विकतं, कोणी मेंदी आणि ब्रायडल मेकअपची कामं घेतं. दुसऱ्या कोणाचा तरी पगार ठरलेला असतो आणि घराचा हिशेब नकळत त्या ठरलेल्या पगारासारखाच मांडला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की, अशा घराचं बजेट सरासरीवर बेतू नये, कमी महिन्यावर बेतावं. नुसतं 'काटकसर करा' असं मी म्हणत नाही. हे का करायचं, कोणता महिना 'कमी' धरायचा आणि चांगल्या महिन्याच्या पैशांचं काय करायचं, हे आमच्याच आकड्यांवर दाखवते.

आधी हा पैसा असा वरखाली का होतो ते पाहू. ग्राहक टोकन देतो त्या दिवशी सेल्समनला काही मिळत नाही. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्यामुळे ग्राहक दहा टक्के भरतो, कर्जाची कागदपत्रं करतो, स्टॅम्प ड्युटी भरतो, करार नोंदवला जातो. नवऱ्याच्या ऑफिसात इन्सेन्टिव्ह त्यानंतरच्या पगारात येतो. बुकिंगपासून पैसे हातात पडेपर्यंत सहा ते आठ आठवडे सहज जातात. पावसाळ्यात घरं बघायला लोक कमी येतात. पितृपक्षात तर अनेक जण टोकन द्यायलाही तयार नसतात. मग नवरात्र, दसरा, दिवाळीत ऑफिस भरून जातं. पण गर्दीच्या त्या दिवसांत आमच्या हातात जो पगार असतो तो पावसाळ्यातल्या आणि पितृपक्षातल्या बुकिंगचा. ऑफिसात मिठाई वाटली जात असते आणि घरात सर्वांत कोरडा महिना चालू असतो. बाहेरच्या माणसाला हे कधीच कळत नाही. नातेवाईक म्हणतात, सीझन आहे, मजा आहे तुमची.

त्याच्या खात्यात २०२४ मध्ये प्रत्यक्ष आलेले पैसे, जानेवारीपासून ओळीने, हजारांत असे होते : ६२, ४०, २६, २४, ५८, ६६, ३८, ३०, २२, १८, २६, ७०. बेरीज चार लाख ऐंशी हजार, सरासरी चाळीस. पण प्रत्यक्ष चाळीस हजार फक्त एका महिन्यात आले. जानेवारी, मे, जून आणि डिसेंबर हे चार महिने सरासरीच्या वर, फेब्रुवारी बरोबर तिच्यावर आणि सात महिने खाली. मुख्य म्हणजे खालचे महिने विखुरलेले नाहीत. जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने सलग आहेत. चाळीस हजारांचा खर्च धरला तर जुलैची तूट दोन, ऑगस्टची दहा, सप्टेंबरची अठरा, ऑक्टोबरची बावीस, नोव्हेंबरची चौदा. एकूण सहासष्ट हजार. डिसेंबरमध्ये आम्ही कार्ड आणि मित्र मिळून देण्याची बेरीज केली तेव्हा व्याजासकट सत्तरच्या आसपास निघाली. माझ्या सरासरीची किंमत ती होती. कार्डावरून रोकड काढली की व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, आणि तेही महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

यावर कोणी म्हणेल, मे-जूनमध्ये सरासरीपेक्षा चव्वेचाळीस हजार जास्त आले होते, ते ठेवायचे होते. बरोबर आहे. पण ते ठेवायचे आहेत, हे आमच्या हिशेबात कुठेच लिहिलेलं नव्हतं. जूनमध्ये हातात सहासष्ट आले तेव्हा आम्ही त्यांतल्या पैशांनी मोटारसायकलचं डाऊन पेमेंट केलं आणि ५,२०० चा हप्ता गळ्यात घेतला. चांगल्या महिन्यात घेतलेला हप्ता वाईट महिन्यातही तेवढाच राहतो. सरासरीवरचं बजेट चालतं, पण एका अटीवर : वरचा प्रत्येक रुपया राखून ठेवायचा आणि पुढचं वर्ष मागच्यासारखंच जायचं. पहिली अट पाळणं कठीण आणि दुसरी आपल्या हातात नाही.

मग बजेट कशावर बेतायचं? अठरावर? जानेवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं आणि अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवणाच्या टेबलावर बसलो तेव्हा पहिला प्रश्न हाच होता. मी ऑफिसात जे करते तेच इथे केलं. वेगवेगळे पाये धरून पाहिले की त्या पायावर घर चालवायचं तर हाताशी किती शिल्लक लागली असती. अठरा हजार धरले तर शिल्लक लागतच नाही, कारण एकही महिना त्याखाली नाही. चोवीस धरले तर सप्टेंबरला दोन आणि ऑक्टोबरला सहा, म्हणजे आठ हजारांची शिल्लक लागते. तीस धरले तर चोवीस हजारांची. चाळीस धरले तर सहासष्ट हजारांची.

हे चार आकडे मला पूर्ण वर्षात कळलेल्या सगळ्यांत उपयोगी गोष्टी वाटतात. पाया अठरावरून चोवीसवर नेला तर सहा हजार वाढले आणि त्यासाठी आठ हजारांची शिल्लक लागली. पुढचे सहा हजार वाढवायला आणखी सोळा हजार लागले. त्यानंतरच्या दहा हजारांसाठी आणखी बेचाळीस. पाया वर सरकला की प्रत्येक महिन्याची तूट खोल होते, आणि आधी जे महिने ठीक होते तेही तुटीत येऊन रांग लांबते. दोन्हीकडून वाढ होते म्हणून शिल्लक झपाट्याने फुगते. 'कमी महिना धरा' हा सल्ला आपण आजीच्या शहाणपणासारखा ऐकतो. त्यामागे असं हे साधं गणित आहे.

तुमच्या घराचे आकडे शीटमध्ये टाकून पाहायचे असतील तर जास्त काही लागत नाही. `B2` पासून `B13` पर्यंत बारा महिन्यांची हातात आलेली रक्कम लिहा आणि `E1` मध्ये धरलेला पाया. मग :

```
C2:  =MIN(0, B2-$E$1)
C3:  =MIN(0, C2+B3-$E$1)
E2:  =-MIN(C2:C13)
```

`C3` खाली `C13` पर्यंत ओढा. `E2` मध्ये जो आकडा येईल तेवढी शिल्लक त्या पायाला लागते. `E1` बदलत राहा आणि `E2` कुठे उसळी मारतो ते बघा. आकडे मात्र खात्यात जमा झालेले हवेत. ऑफर लेटरवरचे नकोत आणि 'टार्गेट झालं तर' हे तर नकोतच. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे मिळाले तर उत्तम.

आम्ही चोवीस धरले. पण शिल्लक आठ नाही, चोवीस ठेवायची असं ठरवलं. कारण आठचा आकडा एका वर्षावरून काढला आहे आणि एक वर्ष म्हणजे एकच नमुना. एखादं बुकिंग पुढच्या महिन्यात सरकलं तरी तो मोडतो. चोवीस हजार म्हणजे पायाचा एक पूर्ण महिना. लगेच मोह होतो की, चोवीस हजार हाताशी आहेतच तर पाया तीस धरू, गणितात बसतं. बसतं खरं, पण मग चुकायला एक रुपयाही उरत नाही.

आता खरी अडचण. घर एक लाख चार हजारांवर चाललं होतं आणि नवा पाया चौसष्ट अधिक चोवीस, म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार. सोळा हजार कुठून काढायचे? इथे मला वाटलं होतं की घरात भांडण होणार. झालं नाही, कारण यादी लिहिल्यावर दिसलं की यांतले सात हजार कापायचेच नव्हते, फक्त हलवायचे होते. शाळेची फी आणि विम्याचे हप्ते आम्ही महिन्याला विभागून भरत होतो. शाळा दोन टर्ममध्ये भरायची सोय देते, विम्याचा हप्ता वर्षातून एकदा भरता येतो. ते दोन्ही आम्ही महिन्याच्या खर्चातून काढून चांगल्या महिन्यांच्या पैशांवर टाकले. मोटारसायकल विकून तिचं कर्ज मिटवलं, त्याचे बावन्नशे कमी झाले. त्याला ते जड गेलं, खोटं कशाला बोलू. उरलेले अडतीसशे बाहेरचं खाणं, ऑनलाइन मागवणं आणि पेट्रोल यांतून निघाले. भाडं, किराणा, अम्मींची औषधं, गावी दिले जाणारे पैसे यांना हात लावला नाही.

पायावर चालणाऱ्या घरात चांगल्या महिन्याचा पैसा ही वेगळी वस्तू होते. २०२४ च्याच आकड्यांवर पाहिलं तर वर्षात चार लाख ऐंशी हजार आले आणि महिन्याला चोवीस प्रमाणे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार घरात गेले. उरले एक लाख ब्याण्णव हजार. ऐकायला भरपूर वाटतात. पण त्यातून शाळेची फी आणि पुस्तकं बावन्न हजार, विमा बत्तीस, रमजान आणि ईदचा खर्च जकात-फित्र्यासह सव्वीस, बकरी ईद चौदा, मे महिन्यात गावी जाणं सोळा. हे झाले एक लाख चाळीस हजार. खरोखर मोकळे असे बावन्न हजार राहतात. मोटारसायकल घेताना आम्हाला वाटत होतं की आपण दोन लाखांतून घेतोय.

हे पैसे कुठे आणि कसे ठेवायचे, यात आम्ही दोनदा चुकलो. पहिल्यांदा सगळं एकाच खात्यात ठेवलं आणि वहीत लिहून ठेवलं की यांतले इतके शिलकीचे. खात्यात पैसे दिसले की वही आठवत नाही. आता त्याचा पगार आणि इन्सेन्टिव्ह दोन्ही एका खात्यात येतात, ज्याचं कार्ड घरात कोणाच्या पाकिटात नसतं. तिथून दर महिन्याच्या दोन तारखेला चोवीस हजार स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने घरखर्चाच्या खात्यात जातात. पगार अठरा येवो की सत्तर, घरात चोवीसच येतात. अम्मी म्हणतात, आता तुझ्यासारखाच त्यालाही पगार आहे.

दुसरी चूक बीसीची. बिल्डिंगमधल्या बायकांची दहा जणींची बीसी आहे, महिना पाच हजार. मी चांगल्या महिन्यात उत्साहाने नाव दिलं. शिल्लक बीसीत ठेवली तर निदान खर्च होणार नाही, हा विचार. पण बीसी म्हणजे दर महिन्याला ठरलेली देणी, हप्त्यासारखीच. आपला नंबर कधी लागेल तेव्हा पैसे, मधे गरज पडली तर नाही. ज्या पैशांचं काम ऑक्टोबरमध्ये तूट भरणं आहे, ते ऑक्टोबरमध्ये हातात आले पाहिजेत. बीसी वाईट नाही, ती भरायची तर पायातून, अठ्ठ्याऐंशी हजारांत बसवून. शिलकीतून नको.

आमच्यासारख्या घरात आणखी एक गुंता आहे, आणि तो मला कोणत्याही पैशांच्या पुस्तकात सापडला नसता. आमची कमाई पंचांगावर चालते आणि मोठा खर्च हिजरी वर्षावर. गुढीपाडवा, पितृपक्ष, दिवाळी यांवर बुकिंग हलतात. रमजान आणि दोन्ही ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येतात. पंचांगही मागे सरकतं, पण सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येऊन ते परत पुढे जातं. हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळे या दोघांतलं अंतर बदलत राहतं. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता आणि ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, ईद लगेच दुसऱ्या दिवशी. त्या रविवारी नवरा रात्री नऊपर्यंत ऑफिसात होता आणि शीरखुर्म्याचं सामान मी एकटीने आणलं. यंदाही दोन्ही दोनेक दिवसांच्या अंतरावर आहेत. पण यंदा मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे २०२७ मध्ये पाडवा ७ एप्रिलला जाईल आणि ईद मात्र मार्चच्या दहा तारखेच्या आसपास येईल.

याचा हिशेबात अर्थ असा की पाडव्याच्या बुकिंगचे पैसे ईदला कधीच उपयोगी पडत नाहीत, ते मे-जूनमध्ये येतात. मार्च-एप्रिल आमचे कमी महिने. ईदचा खर्च डिसेंबर-जानेवारीच्या पैशांतूनच बाजूला काढायला लागतो. दुसऱ्या टर्मची फी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे तीही कोरड्या दिवसांत, ती जूनमध्येच काढून ठेवायची. यंदा अधिक महिन्यामुळे पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटी आणि दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे दिवाळीचे पैसे डिसेंबरऐवजी जानेवारीत येऊ शकतात आणि कोरडी रांग एक महिना लांबू शकते. 'मागच्या वर्षी डिसेंबरात आले होते' हे यंदा धरून चालणार नाही.

कोणता महिना कमी म्हणून धरायचा नाही, हेही सांगायला हवं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन होता, घरांची विक्री जवळपास थांबली होती. नवऱ्याला त्या काळात इन्सेन्टिव्ह शून्य होता. तो महिना पाया धरला तर बजेटच होणार नाही. तसल्या संकटासाठी वेगळा राखीव पैसा लागतो. शिलकीचं काम नेहमीचा उतार झेलणं आहे, दोन्ही एकत्र करू नयेत. उलट बाजूची चूक मात्र जास्त लोकांनी केली. राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांसाठी स्टॅम्प ड्युटी पाच टक्क्यांवरून दोन टक्के केली आणि मग मार्च २०२१ पर्यंत तीन. मुंबईत त्या डिसेंबरला आणि मार्चला नोंदणीची प्रचंड गर्दी झाली. सेल्समधल्या मुलांना आयुष्यात पाहिले नव्हते एवढे पैसे मिळाले. नवऱ्याच्या ओळखीतल्या दोघांनी त्या वर्षाची सरासरी काढून गाडी आणि घराचे हप्ते घेतले. सवलत ३१ मार्चला संपली, हप्ते चालू राहिले. एखादा महिना सरकारी सवलतीने फुगला असेल तर तो सरासरीत धरला की सरासरीही फुगते. कमी महिना पाया धरणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

आता ज्या घरात कमी महिना गरजेलाच पुरत नाही, त्यांचं काय? माझा मामेभाऊ भांडुपला भाड्याची रिक्षा चालवतो, बायको घर सांभाळते, ठरलेला पगार कोणाचाच नाही. पावसात धंदा पडतो, मालकाचं रोजचं भाडं मात्र द्यावंच लागतं. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं, त्याने थोडा हात सुटला. तरी त्याच्या जुलैमध्ये चौदा हजार हातात पडतात आणि खोलीचं भाडं, रेशन, शाळा मिळून सतरा लागतात. त्याला 'कमी महिन्यावर घर चालव' म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं आहे. त्याच्यासाठी आम्ही शीट उलटी चालवली. `E1` मध्ये गरजेचे सतरा टाकले आणि `E2` ने सांगितलं की पावसाच्या आधी आठ हजार हाताशी हवेत. तो आता मार्चपासून मेपर्यंत रोजचे शंभर बाजूला काढतो, दिवसाच्या शेवटी नाही, पहिल्या दोन भाड्यांनंतर. एवढ्याने भागतं. पण ज्याची तूट पावसापुरती नसून बारमाही आहे, त्याला कुठलीही शीट उपयोगाची नाही. त्याचा प्रश्न बजेटचा नाही, कमाईचा किंवा भाड्याचा आहे, आणि निदान ते तरी स्पष्ट दिसतं.

२०२५ आमच्याकडे कसं गेलं? डिसेंबर २०२४ चे सत्तर आले तेव्हा चोवीस घरात गेले आणि सेहेचाळीस सरळ कार्डावर. मित्रांचे आणि उरलेलं व्याज जानेवारीत फिटलं. शिलकीचे चोवीस जून उजाडेपर्यंत पूर्ण झाले. मग ऑक्टोबर आला. एका ग्राहकाने करार झाल्यानंतर बुकिंग रद्द केलं आणि आधी दिलेला इन्सेन्टिव्ह ऑफिसने पगारातून वळता करून घेतला. हातात अकरा हजार आले, ठरलेल्या पगारापेक्षाही कमी. हे होऊ शकतं हे आमच्या हिशेबात नव्हतं. सप्टेंबरला वीस आले होते, नोव्हेंबरला एकोणीस. चार, तेरा आणि पाच अशी बावीस हजारांची तूट पडली आणि चोवीसमधले दोन हजार उरले. आठच ठेवले असते तर ऑक्टोबरमध्येच पुन्हा कार्ड निघालं असतं.

ऑक्टोबरच्या पगाराचा मेसेज आला त्या संध्याकाळी त्याने फोन टेबलावर माझ्यासमोर ठेवला. अम्मींनी चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारलं, "मग शिलकीत किती राहिले?" त्याने सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. मागच्या ऑक्टोबरमध्ये हाच माणूस भांडुपच्या एटीएमबाहेर उभा राहून कार्डावरून बावीस हजार काढत होता.

या जानेवारीत आम्ही पुन्हा शीट उघडली. गेल्या वर्षाची सरासरी चव्वेचाळीस निघाली, आधीपेक्षा चार हजार जास्त. नवरा म्हणाला, पाया सत्तावीस करूया. मी नको म्हटलं. वरचे महिने वाढलेत म्हणून सरासरी वाढली, खालचे महिने उलट खाली गेलेत. पाया चोवीसच ठेवला आणि शिलकीचा आकडा चोवीसवरून छत्तीस केला. त्यातले एकतीस झालेत. एक नियम मात्र नवा घातला : शिल्लक बारा हजारांखाली गेली तर त्याच महिन्यात घरात चोवीसऐवजी वीस द्यायचे, पुढच्या महिन्याची वाट पाहायची नाही. वीसमध्ये काय बसतं त्याची यादी फ्रिजवर लावलेली आहे. मोटारसायकलचं नाव त्याने काढलं होतं. मोकळ्या पैशांतून, रोख, पुढच्या जूनमध्ये, असं ठरलंय.